जिभेची कड बघितलीस का?

नागपूर

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र वाचलं. चाळिशीतला पेशंट, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा, दुकानातून माउथ पेंट आणून लावतो, आठ दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. टाळूवर लाली, जिभेच्या दोन्ही कडांना पांढरं. तू "खर्र्याचंच असेल" असं लिहिलंयस. मला तसं वाटत नाही, एचआयव्हीचाही विचार करायला हवा.

खर्रा जिथे धरून ठेवतात, म्हणजे गालाच्या आत किंवा खालच्या ओठामागे, तिथे पांढरेपणा असेल तर खर्र्याकडे बोट दाखवता येतं. याचा डाग मात्र जिभेच्या कडांवर आहे. जिभेचं टोक कोरड्या गॉजमध्ये धर, बाजूला ओढ, मागच्या दाढांपर्यंतची कड आरशाने उजेडात बघ. नुसतं "जीभ बाहेर काढा" म्हटलं तर ही जागा दिसतच नाही. मग गॉजने जरा जोर देऊन पूस. दह्यासारखा थर निघून खाली लाल, किंचित रक्ताळलेली जागा दिसली, तर ती कॅन्डिडा बुरशी. पुसूनही काही हललं नाही आणि टिनाच्या पन्हळी पत्र्यासारख्या उभ्या घड्या दिसल्या, तर हेअरी ल्युकोप्लाकियाचा विचार कर.

यात गोंधळ होतो तो दोन्ही एकत्र असतात तेव्हा. घड्यांवर बुरशी बसते, औषधाने बुरशी जाते, पेशंट बरा झाला असं वाटतं, पण घड्या तशाच राहतात. म्हणून बुरशीचं औषध संपल्यावर त्याला पुन्हा बोलावून कड बघणं हाच खरा तपास आहे. या घड्या एपस्टीन-बार विषाणूमुळे येतात. प्रतिकारशक्ती घटली की तो जिभेच्या कडेच्या पेशींत वाढू लागतो. 1984 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला. तो दुखत नाही, त्याचा कर्करोग होत नाही, त्याला वेगळं औषधही बहुधा लागत नाही. म्हणूनच पेशंट तक्रार करत नाही. ते आपणच शोधायचं.

एक सावधगिरी मात्र ठेव. खर्रा खाणाऱ्याच्या जिभेची कड ही कर्करोगाचीही जागा आहे. डाग एकाच बाजूला असेल, बोटाला कडक लागत असेल, मध्ये लाल भाग किंवा व्रण असेल, तर अंदाज बांधत बसू नकोस, बायोप्सीला पाठव.

टाळूची लाली लोक जास्त विसरतात, कारण तिथे पांढरं काहीच नसतं. लाल कॅन्डिडा टाळूवर किंवा जिभेच्या मधोमध, बारीक उंचवटे झिजून गुळगुळीत झालेल्या चकतीवर दिसतो, आणि सावजी रस्सा झोंबतो एवढीच तक्रार असते. कवळी असेल तर ती काढून बघ. लाली फक्त कवळीखालच्या भागात असेल तर कारण बहुधा तिथेच आहे. शंका असेल तर तिथून हलकं खरवडून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात स्लाइड बघ, बुरशीचे धागे दिसतील.

आता कारणं विचार: साखर, दम्याचा स्टिरॉइड पंप, नुकतेच घेतलेले अँटिबायोटिक, तोंडाचा कोरडेपणा, रेडिएशन. यातलं काहीच नसताना प्रौढाच्या तोंडात बुरशी आली, तर एचआयव्ही तपासणी सुचवायलाच हवी. साखर वाढलेली निघाली तरी सुचव, दोन्ही एकत्र असू शकतात.

तोवर फ्लुकोनाझोल पहिल्या दिवशी 200 मिलिग्रॅम, मग रोज 100, एकूण 7 ते 14 दिवस. वॉरफरिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर आधी फिजिशियनशी बोल, त्यांचा परिणाम वाढतो. गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असावी. मग आपल्या हातचं काम राहत नाही.

एचआयव्ही तपासणीसाठी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आयसीटीसी तपासणी केंद्रात पाठव, ती मोफत असते. आधी एकांतात बोल, संमती घे आणि चिठ्ठीवर सगळ्यांना दिसेल असा संशय लिहू नकोस. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत. एकाच रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आला म्हणून निदान सांगायचं नाही. वेगळ्या किटवर खात्री होते. उलट, तोंड स्वच्छ आहे म्हणून एचआयव्ही नाही असंही ठरत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर टिकून राहिलेली तोंडातली बुरशी किंवा हेअरी ल्युकोप्लाकिया, यातलं एकही जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या एचआयव्हीच्या तिसऱ्या टप्प्यात मोडतं. म्हणजे पेशंट उशिरा पोचलाय. खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम हे त्याच दिवशी विचार, क्षयरोग सोबत असू शकतो. एचआयव्हीची औषधं सुरू झाली की घड्या हळूहळू विरतात. पुढे वर्षभराने त्या परत दिसल्या, तर गोळ्या चुकताहेत का ते विचार आणि ती औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, बघायला सांग.

जिभेच्या दोन्ही कडांचे फोटो पाठव, गॉजने पुसण्याआधीचा आणि नंतरचा.

तुझा,
विनय