अपघात ओळखणारे हेल्मेट आणि खोटे संदेश

महोदय,

अपघात होताच घरच्यांना संदेश पाठवणारे हेल्मेट विद्यार्थ्यांनी तयार केल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. माझ्या मुलाने पदविकेच्या प्रकल्पासाठी असेच हेल्मेट केले होते. त्या अनुभवावरून लिहितो.

हेल्मेटमधील ॲक्सेलरोमीटरने मोजलेला धक्का ३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट झाला की संदेश जात असे. घाटकोपर ते शीव या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी पहिल्याच आठवड्यात दोनदा खोटा संदेश पाठवला, म्हणून त्याने मर्यादा १२ जीवर नेली. त्यानंतर खड्ड्यांचा त्रास थांबला. मात्र एका संध्याकाळी उभ्या गाडीच्या आरशाला अडकवलेले हेल्मेट फरशीवर पडले आणि आमच्या फोनवर अपघाताचा संदेश आला. त्याचा फोन लागेपर्यंतची वीस मिनिटे त्याच्या आईने कशी काढली, ते मी विसरू शकत नाही.

मर्यादा आणखी वाढवून हा दोष जात नाही. एक मीटरवरून पडलेले हेल्मेट ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटते. कठीण कवच सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबले, तर सरासरी धक्का ९० जीच्या आसपास भरतो. असा स्वस्त सेन्सर १६ जीच्या वर मोजूच शकत नाही, त्यामुळे रिकामे हेल्मेट पडणे आणि डोके आपटणे त्याला सारखेच दिसते.

म्हणून त्याने धक्क्याच्या आकड्यापेक्षा आधी आणि नंतर काय घडले याकडे लक्ष वळवले. हनुवटीच्या पट्ट्याच्या बकलात छोटा स्विच बसवला, जेणेकरून पट्टा लावलेला नसेल तर कोणताही धक्का मोजला जाऊ नये. धक्क्याआधीच्या दहा सेकंदांत जीपीएसने ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नोंदवलेला असावा, आणि धक्क्यानंतर दहा सेकंद डोके कललेले व जवळजवळ स्थिर राहावे, अशा आणखी दोन अटी घातल्या. उड्डाणपुलाखाली जीपीएस तुटते, तेव्हा शेवटचा नोंदलेला वेगच धरावा लागतो. सर्व अटी पूर्ण झाल्या की बझर तीस सेकंद वाजतो. शुद्धीवर असलेला चालक बटण दाबून संदेश थांबवू शकतो, आणि बेशुद्ध असेल तर संदेश आपोआप जातो.

पट्टा न लावता हेल्मेट घालणाऱ्यांना मात्र या रचनेचा काहीच उपयोग नाही, आणि आपल्या शहरात तसे चालक रोज दिसतात. गाडी घसरून पाय मोडला पण डोके आपटले नाही, तरीही हे हेल्मेट गप्पच राहील. मला ही उणीव पत्करण्यासारखी वाटते. चार वेळा खोटा संदेश आल्यावर घरचे पाचव्या वेळी धावून जाणार नाहीत, आणि तो पाचवा खरा असू शकतो.

अशा हेल्मेटची बातमी देताना ते किती किलोमीटर चालवून पाहिले आणि त्यात किती खोटे संदेश आले, हे दोन आकडे निर्मात्यांना विचारून छापावेत, अशी माझी आपणांस विनंती आहे.

आपला,
एक वाचक, घाटकोपर, मुंबई