बंड्या गेल्यावर श्रीकांतला लिहिलेलं पत्र

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय श्रीकांत,

परवा फोनवर तुझ्याच्याने बोलवत नव्हतं आणि मलाही धड काही सुचलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. बंड्या गेला. अकरा वर्षं तुमच्या घरात वावरलेला जीव गेला, आणि तुझं मन कशात लागत नाही यात लाजण्यासारखं काहीही नाही. ऑफिसात कोणी म्हणालं, ‘अरे, कुत्राच तर होता.’ त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. ज्याच्या दारात कधी कोणी वाट बघत बसलेलं नाही, त्याला ते सांगूनही कळत नाही.

पण फोन ठेवताना तू म्हणालास, ‘मीच मारलं रे त्याला. कागदावर सही माझी आहे.’ ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याचे सगळे रिपोर्ट तू मला पाठवत होतास, त्यामुळे आज मित्र म्हणून तर बोलतोच, पण जनावरांचा डॉक्टर म्हणूनही बोलतो. तुझं मन राखायला यातलं काहीही गोड करून सांगत नाही.

पहिली गोष्ट, उशीर झाला का? दिवाळीत तो पाण्याचं भांडं सारखं रिकामं करत होता, रात्री बाहेर न्यायला उठवत होता, आणि तुम्हाला वाटलं फराळाचं काहीतरी खारट खाल्लं असेल. हे लक्षण किडनीचंच होतं, खरं आहे. पण किडनीचा आजार फार लबाड असतो. दोन्ही किडन्यांचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही. उरलेला भाग सगळा भार ओढत राहतो आणि कुत्रा खातोपितो, खेळतो. जास्त पाणी पिणं दिसायला लागतं तेव्हासुद्धा निम्म्याहून अधिक किडनी गेलेली असते. दिवाळीत नेला असतास तर लघवी तपासून कदाचित अंदाज आला असता, खाणं बदलून थोडा काळ जास्त मिळाला असता, हे मी नाकारत नाही. पण किडनीचा गेलेला भाग पुन्हा उगवत नाही. आजार बरा झाला नसता, श्रीकांत. शेवट हाच होता.

आणि त्यानंतर तू जे केलंस ते मी पाहिलंय. गेल्या महिन्यात आलो होतो तेव्हा रात्रीच्या जेवणाआधी तू रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात धरून बसला होतास, गार सलाईन आत गेलं की तो दचकतो म्हणून. मग ती पडद्याच्या दांडीला टांगलीस. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून सुई सरकवलीस आणि पाणी जाईपर्यंत त्याच्या कानामागे खाजवत राहिलास. पाठीवर लिंबाएवढा फुगा आला, तो हळूहळू खाली उतरत गेला. बंड्या हलला नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत सुई टोचायच्या विचारानेच लोक मागे सरतात. तू ते रोज केलंस.

आता त्या सहीबद्दल. सलाईनवर तीन दिवस ठेवल्यावर क्रिएटिनिन ६.९ वरून ५ च्या आसपास आलं, आपल्याला जरा आशा वाटली, आणि पुढच्या आठवड्यात ते ८ च्या वर गेलं. कुत्र्यात ते दीडच्या आत असावं लागतं. सलाईन देऊनही आकडा असा चढतो, तेव्हा किडनीत हाती धरण्यासारखं काही उरलेलं नसतं. तोंडाला तो उग्र वास येत होता, हिरड्यांवर व्रण पडले होते, पोटात काही ठरत नव्हतं. तू पाठवलेल्या शेवटच्या व्हिडिओत तो अन्नाच्या ताटलीशी जाऊन वास घेतो आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहतो. भूक नव्हती असं नाही, मळमळीमुळे गिळवत नव्हतं. इंजेक्शन दिलं नसतंस तर तो जगला नसता. दोन-चार दिवसांनी, बहुधा रात्री, झटके येत गेला असता. तसं जाणं मी बघितलंय, ते तुला इथे लिहून सांगत नाही. तू त्याला मरण दिलं नाहीस, मरण दारात आलेलंच होतं. त्यातला वाईटातला वाईट भाग तू त्याच्या वाट्याला येऊ दिला नाहीस.

तुला सारखं दिसतंय ते त्याचं शेवटचं हुंदक्यासारखं श्वास घेणं आणि उघडे राहिलेले डोळे. तुला वाटतंय तो जागा होता, तुझ्याकडे बघत होता. तसं नव्हतं. आधी दिलेल्या इंजेक्शनने त्याला गुंगी आली. दुसरं भुलीचंच औषध असतं, फक्त मात्रा फार मोठी. त्याने काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. त्यानंतरही कधीकधी एक-दोन मोठे श्वास येतात, अंग थरथरतं, लघवी होते. हे सगळं शरीर आपोआप करतं, त्यात वेदना नसते आणि तो स्वतःही नसतो. डोळे तर बहुतेक सगळ्याच कुत्र्यांचे उघडे राहतात, कारण पापणी मिटायलाही स्नायू लागतात. डॉक्टरांनी हे आधी सांगायला हवं होतं. मी तरी खोलीत येण्याआधीच सांगतो, कारण न सांगितलेलं तेच पुढे महिनोन्‌महिने छळतं. त्याला शेवटी जे जाणवलं ते डोक्यावरचा तुझा हात.

ईशाला ‘बंड्याला झोपवलं’ असं सांगितलंय, असं वहिनी म्हणाल्या. शक्य असेल तर ते बदला. लहान मुलं ते शब्दशः धरतात, मग तो उठणार कधी म्हणून विचारत राहतात, नाहीतर स्वतः झोपायला घाबरतात. तो खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, आता तो मेला आहे आणि परत येणार नाही, इतकं सरळ सांगा. रडेल, रडू दे. तुम्ही रडताना तिला दिसलात तरी चालेल.

काकू त्याच्या नावाने दिवा लावायचा म्हणत असतील तर लावू देत. तुमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीचा भरीत-रोडग्याचा नैवेद्य त्या पहिला बंड्यापुढे ठेवायच्या, मग आपल्याला मिळायचा. ज्या घरात त्याचा मान असा होता, तिथे त्याच्यासाठी दिवा लागला तर कोणाला विचारायची गरज नाही.

सोसायटीतले लोक आता दुसरं पिल्लू आणा म्हणून मागे लागतील. तुझ्या मनात येईल तेव्हा बघू, नाही आलं तरी काही बिघडत नाही.

घरात सलाईनच्या न फोडलेल्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं उरली असतील. तुझ्याच्याने बघवत नसतील तर वहिनींना एका पिशवीत भरून ठेवायला सांग. मी शनिवारी सकाळी येतोय, जाताना घेऊन जाईन. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी माझ्याकडे कायम लागतात. त्याचं बिछानं, पट्टा, भांडं यांना मात्र कोणालाही हात लावू देऊ नकोस, ते तुझं तू ठरव, घाई नाही.

जेवत जा. रात्री झोप लागली नाही तर किती वाजलेत ते न बघता फोन कर.

तुझा,
सुहास