दोनशे चौसष्ट अधिक एकशे बत्तीस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमध्ये सध्या क्रीडासप्ताह सुरू आहेत. मी निवृत्त क्रीडाशिक्षक. नातवाच्या शाळेत शेवटच्या दिवशी फळ्यावर लिहिलेले चार हाउसचे गुण सवयीने मनात जोडले: लाल १०४, निळा १०३, हिरवा ९८, पिवळा ९२. एकूण ३९७. ही बेरीज होऊच शकत नव्हती.

वैयक्तिक स्पर्धेत पहिल्या चौघांना ५, ३, २, १ असे गुण होते, म्हणजे एका स्पर्धेचे ११. खो-खो, कबड्डी, रिले अशा सांघिक स्पर्धांना दुप्पट, म्हणजे २२. (खो-खोत नऊजण मैदानात उतरतात. प्रत्येकाला पाच गुण दिले तर एकाच सामन्याचे ४५ होतील आणि धावणाऱ्या पोरांचा आठवडा वाया जाईल. म्हणून दुप्पट पुरे.) वैयक्तिक २४ स्पर्धांचे २६४ आणि सांघिक सहांचे १३२ मिळून व्हायला हवेत ३९६. मग एक गुण आला कुठून?

उंच उडीतून. लाल हाउसची दोन मुले दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत होती. शेवटच्या पार केलेल्या उंचीवरच्या चुका पाहिल्या, मग एकूण चुका पाहिल्या, तरी बरोबरी सुटली नाही. पंचांनी दोघांना तीन-तीन गुण दिले आणि पुढच्याला एक. गुणपत्रकातली ती ओळ अकराऐवजी बारावर गेली. खरे तर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे गुण एकत्र करून वाटायचे: ३ + २ = ५, प्रत्येकी अडीच. लालचा एक गुण कमी झाला की लाल १०३, निळा १०३!

म्हणून गुणपत्रकात चार हाउसच्या रकान्यांपुढे पाचवा रकाना हवा 'न दिलेले गुण' आणि सहावा 'ओळीची बेरीज'. एखाद्या स्पर्धेत तिघेच उतरले तर उरलेला एक गुण पाचव्या रकान्यात जातो. सहाव्यात ११ किंवा २२ आल्याशिवाय पुढच्या स्पर्धेचा निकाल लिहायचा नाही. चूक त्याच दुपारी सापडते. आठवड्याच्या शेवटी ती शोधत बसणे म्हणजे गवतातून सुई काढणे.

या पडताळणीला एक चूक मात्र दिसत नाही. हिरव्याचे गुण पिवळ्याच्या रकान्यात पडले तरी बेरीज जुळतेच. त्यासाठी पंचांच्या चिठ्ठीवर क्रमांकापुढे खेळाडूचा छातीवरचा नंबर आणि हाउस दोन्ही हवेत, आणि रोज संध्याकाळी चारही कर्णधारांनी त्या चिठ्ठ्या पत्रकाशी ताडून सही करावी. आपले गुण दुसरीकडे गेलेले मुलांना आपल्याआधी कळतात.

त्या दिवशी ढाल लालला मिळाली. मी मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन हिशेब दाखवला, तेव्हा त्यांनी विचारले, "आता बरोबरी कशी सोडवायची?" नियमावलीत त्याबद्दल एक ओळही नव्हती. ज्याचे पहिले क्रमांक जास्त त्याची ढाल, तेही सारखे असतील तर सहा-सहा महिने, एवढे पहिल्या शिट्टीआधी सूचनाफलकावर लागलेले असावे.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा