अक्कलदाढेची रजा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "पुढच्या गुरुवारी दाढ काढते, एक दिवस सुट्टी टाकते आणि शुक्रवारी हिंजवडीला जाते." तेवढ्यात तुझा ऑफिसचा कॉल आला, म्हणून उरलेलं लिहिते. आस्थापना शाखेत माझी उभी नोकरी लोकांचे रजेचे अर्ज वाचण्यात गेली आहे, तेवढ्यापुरतं ऐक.

तुझी अक्कलदाढ आडवी आहे. हिरडी कापून, थोडं हाड कोरून ती काढतात आणि टाके घालतात. भूल फक्त जबड्याला देतात, त्यामुळे तासाभरात घरी येशील आणि संध्याकाळी वाटेल, झालं की! पण सूज सगळ्यात जास्त असते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोंड पुरतं उघडत नाही, बोलताना जबडा ओढतो. म्हणजे नेमक्या शुक्रवारच्या क्लायंट कॉलला तू गाल धरून बसणार. गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस माग. त्यापुढचे शनिवार-रविवार तुझेच आहेत.

आता तो रजेचा मेसेज. तू लिहिलंयस, "बरं नाहीये, गुरुवारी येणार नाही." अगं, गुरुवारी बरं नसणार हे आठवडाभर आधी कुणाला कळतं? असा अर्ज आला की आम्ही हमखास चौकशी करायचो. उलट एका बाईंनी मोतीबिंदूच्या अर्जात कोणती लेन्स आणि किती पैसे तेही लिहिलं होतं. महिनाभर सगळं ऑफिस त्यांच्या डोळ्यात डोकावत होतं. तू एवढंच लिही, इंग्रजी तुझं तू कर :

"गुरुवारी माझी दाताची छोटी शस्त्रक्रिया आहे. गुरुवार-शुक्रवार रजा हवी. सोमवारी येईन, पण त्या दिवशी फार बोलता येईल असं वाटत नाही. शुक्रवारचा कॉल कोण घेईल, ते बुधवारपर्यंत ठरवून देते."

कोणती दाढ, का काढली, हे लिहायचं नाही. एक्स-रे तर नाहीच. पण 'दाताची' हा शब्द राहू दे, कारण पुढे एखादा दिवस वाढवावा लागला तर नव्याने काही सांगावं लागत नाही. आणि तशी वेळ येऊ शकते. कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढलं आणि कानापर्यंत ठणकायला लागलं, तर तिथली रक्ताची गुठळी निघून गेलेली असू शकते. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. मग गोळ्या खात बसू नकोस, दाखवायला जा.

सर्टिफिकेट त्याच दिवशी घे, त्यात विश्रांतीच्या तारखा लिहून घे. ते एचआरला द्यायचं, टीमच्या ग्रुपवर नाही.

बुधवारी रात्रीच इकडे ये. गुरगुट्या भात करीन, पण गार करूनच देईन. आणि ताक वाटीने प्यायचं, स्ट्रॉ लावायची नाही, ओढलं की गुठळी सुटते.

तुझी,
आई