रेंडर दाखवताना कॅमेरा कुठे होता तेही सांगायला लावा : नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय नगरविकास मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी आर्किटेक्ट आहे, एकोणीस वर्षं सरकारी आणि निमसरकारी इमारतींची कामं करतोय. आज लिहितोय ते एका छोट्याशा गोष्टीबद्दल. नवीन सभागृह बांधायचं ठरलं की आम्ही तिथल्या रहिवाशांना बोलावतो, स्क्रीनवर पाच-सहा रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली हॉलची चित्रं, दाखवतो, दहा मिनिटं बोलतो, टाळ्या होतात आणि त्याची "जनसहभाग झाला" अशी नोंद लागते. त्या दहा मिनिटांत काय बोललं पाहिजे याचा कुठलाही नियम मला तरी कधी कुणी दाखवला नाही, आणि तो असायला हवा असं माझं ठाम मत झालंय.

कारण माझंच एक काम आहे. तीनशे माणसांचा हॉल, आतून २४ मीटर लांब, १४ मीटर रुंद, ५ मीटर उंच. रेंडर सुंदर झाले होते. बोलणं संपल्यावर मागे बसलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाळा, सगळं छान आहे रे, पण कार्यक्रम झाला की खुर्च्या ठेवायच्या कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीनशे खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांनी लावल्या तरी तीस थप्प्या होतात, त्या आत-बाहेर करायला वाट धरली की पंधरा-वीस चौरस मीटरची खोली सहज लागते, आणि ती प्लॅनमध्येच नव्हती. प्लॅन चार टेबलांवरून पास होऊन आला होता, पण सगळे रेंडर बघत होते आणि रेंडरमध्ये खुर्च्या कायम मांडलेल्याच असतात ना. खोली आम्ही नंतर काढली, ती चूक निस्तरता आली.

पुढची निस्तरता आली नाही. हॉल सुरू झाल्यावर तेच लोक येऊन म्हणाले, साहेब, चित्रात केवढा मोठा होता हो. एकाने तर लांबी कमी केली का असं विचारलं. लांबी एक इंचही कमी झाली नव्हती, २४ म्हणजे २४च. मग मी घरी जाऊन ती फाइल उघडली आणि नीट बघितलं, तेव्हा कळलं की लोक बरोबर होते.

झालं असं होतं की कॅमेरा दाराच्या भिंतीपाशी, डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.६ मीटरवर ठेवला होता, त्यात काही चूक नाही. पण लेन्स होती १८ एमएम, म्हणजे खूप रुंद भाग टिपणारी वाइड लेन्स. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशोबाने १८ एमएमला आडवा कोन बरोबर ९० अंश येतो, आणि २४ मीटर दूरच्या समोरच्या भिंतीपाशी तो कॅमेरा ४८ मीटर रुंदी बघतो. आपली भिंत १४ मीटरची, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या २९ टक्के. आता त्याच जागेवरून लेन्स ३५ एमएम केली तर कोन साधारण ५४ अंशांवर येतो, तेवढ्याच अंतरावर २५ मीटरच्या आतबाहेर रुंदी दिसते आणि तीच भिंत चित्राचा ५७ टक्के भाग व्यापते. जागा तीच, हॉल तोच, पण पहिल्या चित्रात स्टेज अर्ध्या मापाचा दिसतो, आणि लहान दिसलेली गोष्ट दूर असते असं आपलं डोकं आपोआप धरून चालतं. म्हणून सहा मीटरवर खुर्चीत बसून स्क्रीन बघणाऱ्या माणसाला तो हॉल जवळपास दुप्पट खोल वाटला. एकही माप खोटं नव्हतं तरी लोकांच्या मनात चुकीचा हॉल तयार झाला होता.

दुसरं एक सर्रास केलं जातं ते म्हणजे मागची भिंत लपवून कॅमेरा भिंतीच्या पलीकडे नेणं, सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक क्लिक लागतो. तिथे खरं तर बाहेरचा रस्ता नाहीतर पार्किंग असतं, तिथे उभं राहून हॉल कुणालाच कधी दिसणार नाही, पण चित्र झकास येतं. आणि वाइड लेन्स ओळखायची कशी तर चित्राच्या कडेला बघायचं, कोपऱ्यातली खुर्ची किंवा माणूस आडवा ताणल्यासारखा दिसला की लेन्स फार वाइड आहे. आणि माणसं मोजायची. माझ्या त्या रेंडरमध्ये तीनशेच्या हॉलमध्ये बावीस माणसं होती, ऐसपैस उभी, हातात कॉफीचे कप. बावीस माणसांना कुठलाही हॉल मोठाच वाटणार.

वाइड लेन्सवर बंदी घाला असं मी म्हणत नाहीये. ३५ एमएमने दाराशी उभं राहिलं तर जवळच्या बाजूच्या भिंती आणि खिडक्या फ्रेमच्या बाहेर जातात, छोट्या खोलीत तर काहीच धड दिसत नाही, त्यामुळे कधी कधी वाइड घ्यावीच लागते. माझं म्हणणं एवढंच की घेतली तर सांगा, आणि निदान एक चित्र साध्या लेन्सचं, माणूस खरंच जिथे उभा राहू शकतो तिथून काढलेलं, शेजारी लावा. लंडनमध्ये संरक्षित दृश्यांच्या आड येऊ शकणाऱ्या इमारतींसाठी अॅक्युरेट व्हिज्युअल रिप्रेझेंटेशन नावाची पद्धत आहे, त्यात फोटो कुठून काढला ती जागा सर्व्हे करून मोजतात, कॅमेरा आणि लेन्सची नोंद ठेवतात आणि मग मॉडेल त्या फोटोवर बसवतात. आपल्याला छोट्या हॉलसाठी एवढंही नको, प्लॅनवर एक टिंब आणि एक बाण काढला तरी पुष्कळ झालं.

आता उन्हाचं. माझ्या हॉलला पश्चिमेला मोठी काच होती, आणि रेंडरमध्ये सकाळचा मऊ उजेड घेतला होता कारण तो छान दिसतो. पण हॉलमध्ये कार्यक्रम होतात संध्याकाळी. वर १.२ मीटरचा छज्जा होता आणि भाषणात मी "छज्ज्यामुळे ऊन येणार नाही" असं म्हणालो होतो, ते दुपारी खरं आहे, पण सूर्य २५ अंशांवर उतरून काचेच्या अगदी समोर आला की तेवढा छज्जा काचेवर फक्त ५६ सेंटीमीटर सावली पाडतो. काच तीन मीटर उंच. म्हणजे खालची जवळजवळ अडीच मीटर काच सरळ उन्हात, आणि त्या बाजूला बसलेले लोक डोळ्यांवर हात धरून कार्यक्रम बघतात. पश्चिमेला आडव्या छज्ज्यापेक्षा उभ्या पट्ट्या लागतात हे मला माहीत होतं हो, पण सकाळच्या चित्रात तो प्रश्नच दिसत नसल्यामुळे कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. सॉफ्टवेअरमध्ये तारीख आणि वेळ टाकली की खरा सूर्य मिळतो, दोन मिनिटांचं काम आहे, तेव्हा ज्या वेळी हॉल वापरणार त्या वेळचं चित्र मागितलंच पाहिजे.

आणि आवाज. हा तर कुठल्याच चित्रात येत नाही. चकचकीत फरशी, काच, गुळगुळीत छत हे रेंडरमध्ये सगळ्यात देखणं दिसतं आणि तेच आवाज घुमवतं. आवाज विरायला किती वेळ लागतो याचा हिशोब वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका लेक्चर हॉलमधला घुमणारा आवाज अभ्यासून मांडला, घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि आवाज शोषणाऱ्या एकूण क्षेत्राने भागायचं. माझ्या हॉलचं घनफळ १६८० घनमीटर. पृष्ठभाग सगळे कडक, सरासरी पाचच टक्के शोषणारे धरले तर रिकाम्या हॉलला पाच सेकंद येतात, आणि ऐंशी माणसं बसली तरी तीन. बोललेलं कळायला तो एका सेकंदाच्या आसपास हवा. सगळ्या छताला आवाज शोषणारं पॅनेल लावलं, सत्तर टक्के शोषणारं, तर रिकाम्या हॉललाही साधारण एक सेकंद येतो. आम्ही ते पॅनेल "नंतर बघू" म्हणून खर्चातून काढलं, रेंडरमध्ये काहीच फरक पडला नाही, आणि आज वॉर्डाच्या सभेत माइकवर काय बोललं जातंय ते मागच्या चार रांगांना कळत नाही.

तर आता मी रहिवाशांसमोर उभा राहतो तेव्हा भाषण साधारण असं करतो, तीन-चार मिनिटांचं: "नमस्कार मंडळी. चित्र दाखवायच्या आधी प्लॅन बघू. हे लाल टिंब म्हणजे तुम्ही इथे उभे आहात, बाणाकडे बघताय. हे पहिलं चित्र तिथून, डोळ्याच्या उंचीवरून, साध्या लेन्सने काढलंय, हॉल एवढाच दिसेल. हे दुसरं वाइड लेन्सचं आहे, सगळं एकत्र दिसावं म्हणून, हॉल इतका लांब नाही, फसू नका. यात तीनशे माणसं बसवलीत, मोजून. ऊन संध्याकाळी पाचचं आहे, उन्हाळ्यातलं एक आणि हिवाळ्यातलं एक. बाहेरची झाडं दहा वर्षांनंतरची आहेत, लावू तेव्हा खांद्याएवढी असतील. चित्रात दिसत नाहीत अशा गोष्टी म्हणजे आवाज, खुर्च्यांची खोली, टॉयलेटच्या पाइपची जागा आणि जनरेटर कुठे बसेल. त्या प्लॅनवर दाखवतो, आणि मग तुम्ही विचारा."

टाळ्या कमी पडतात, हे खरं. पण प्रश्न येतात. गेल्या वेळी एका काकांनी जनरेटर त्यांच्या बेडरूमच्या खिडकीसमोर येतोय हे प्लॅनवर बोट ठेवून दाखवलं, आणि तो कागदावर असतानाच हलवता आला.

माझी मागणी मोठी नाही. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या कुठल्याही सभागृहाचं रेंडर लोकांना दाखवताना त्याच्यासोबत एक पान सक्तीचं करा, त्यावर कॅमेऱ्याची जागा आणि उंची, लेन्स, सूर्याची तारीख-वेळ, किती माणसं दाखवलीत आणि चित्रातली कुठली वस्तू सध्याच्या खर्चात धरलेली नाही एवढं लिहिलेलं असू दे. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त टाळला जातो म्हणून त्यावर सही घ्या, आर्किटेक्टची आणि इंजिनिअरची दोघांची. आणि ते पान सभेच्या निदान आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर लावा, ऐनवेळी स्क्रीनवर दोन सेकंद दाखवून उपयोग नाही. खर्च काही नाही, तो शेवटचा मुद्दा सोडला तर या सगळ्या गोष्टी रेंडर करणाऱ्या मुलाच्या फाइलमध्ये आधीपासूनच असतात.

माझ्या त्या हॉलची दोन रेंडर मी तुमच्या कार्यालयाला वेगळी पाठवतोय, एकाच जागेवरून काढलेली, एक १८ एमएमचं आणि एक ३५ एमएमचं, आणि तिसरा त्याच जागेवरून काढलेला आजचा फोटो. खात्याच्या पुढच्या बैठकीत तिन्ही शेजारी-शेजारी लावा आणि हॉल कधीच न बघितलेल्या कुणालाही विचारा की फोटोच्या जवळचं चित्र कुठलं.

आपला,
एक आर्किटेक्ट