आधी "वर बघा" म्हणून पाहा

महोदय,
मेंदूच्या झटक्यानंतर चौदा दिवस आम्ही मामांना कोमात समजत होतो. हाक मारली, चिमटा काढला, काही नाही. मामी मात्र सांगत होती, "ते माझ्याकडे बघतात."

तिचेच खरे होते. मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागाची पुढची बाजू निकामी झाली की हातपाय, चेहरा, जीभ यांना जाणारे आदेश तिथेच तुटतात. डोळे आडवेही फिरत नाहीत. पण जाग राखणारे जाळे मागच्या बाजूला असते आणि डोळे वर-खाली फिरवणारे केंद्र त्याहून वर, मध्यमेंदूत. ते वाचले तर माणूस सगळे ऐकतो, समजतो. "हात दाबा" एवढेच त्याला जमत नाही.

एका परिचारिकेने पापण्या उचलून म्हटले, "वर बघा." मामांनी बघितले! मग वर म्हणजे 'हो', खाली म्हणजे 'नाही' असे ठरले. उत्तरे आम्हाला ठाऊक असलेले प्रश्न विचारून तिने खात्री केली. आता भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. आम्ही आधी ओळ विचारतो, मग अक्षर, मग काना-मात्रा. दहाएक मिनिटांत ते थकतात.

त्यांचा पहिला शब्द होता, "पाठ". कूस बदलून हवी होती.

— एक भाचा, फोंडा-गोवा