मामांचा क्लेम फॉर्म

ती. आई-बाबांस,
सा. न.

मामांना समजावा म्हणून त्यांचा इंग्रजी क्लेम फॉर्म मी मराठीत उतरवलाय. त्याचे फोटो मी पुन्हा काढून मागवले म्हणून बाबा रागावले ना? ट्यूबलाइटची तिरीप नेमकी पॉलिसी नंबरवर पडली होती, शून्य की इंग्रजी ओ कळेना. ओसरीत पाटावर ठेवून काढलेले दुसरे फोटो स्वच्छ आलेत. तरीही नंबर मी पॉलिसीच्या मूळ कागदाशी एकेक अक्षर जुळवून, मधल्या तिरक्या रेघांसकट इंग्रजीतच उतरवलाय. मराठी आकड्यांत लिहिलं असतं तर मामा पुन्हा इंग्रजीत करताना घोटाळले असते.

खरी गंमत निदानाच्या रकान्यात झाली. तो भाग हॉस्पिटल भरतं. हर्नियाचा कोड K40 बरोबर आला, पण त्याखाली जोडआजारांत I10 होतं, ते फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने 110 वाचलं. पहिलं अक्षर एक नव्हे, इंग्रजी आय आहे. I10 म्हणजे उच्च रक्तदाब. मामा म्हणत होते, बीपीची ओळ मराठीत गाळ, उगाच क्लेम अडेल. मी गाळली नाही. पॉलिसी घेतानाच त्यांनी बीपी लिहून दिलंय, मग आता लपवायचं कशाला? आणि हॉस्पिटलने भरलेल्या भागात आपण पेन लावायचंच नाही. काही चुकलं वाटलं तर तिथूनच दुरुस्त करून सही-शिक्क्यानिशी आणायचं.

बाबा, शेवटचं घोषणापत्र मामांना तुम्ही स्वतः वाचून दाखवा. ॲपने तिथे 'महत्त्वाची माहिती' ऐवजी 'भौतिक तथ्य' केलं होतं, ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या वाक्यातलं 'खेरीज' त्याने खाल्लं होतं. माझं वाक्य असं आहे: 'या क्लेमसाठी सर्व बिले व पावत्या मी जोडल्या आहेत आणि रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या व नंतरच्या खर्चाचा क्लेम असल्यास, तो वगळता मी कोणताही पुरवणी क्लेम करणार नाही.' ते 'वगळता' नसतं तर घरी आल्यावरच्या गोळ्यांची बिलं मामांनी फेकूनच दिली असती. त्यांच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा खर्च मिळतो. खानापूरच्या मेडिकलमधली बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र टाचून ठेवायला सांगा.

माझा मराठी कागद फक्त समजण्यासाठी आहे, तो फॉर्मला जोडायचा नाही. सही मूळ इंग्रजी फॉर्मवर, आणि पॉलिसीवर जशी आहे तशीच. मामा हल्ली घाईत नुसतं आडनाव खरडतात, तेवढं बघा.

आई, फोटोत फॉर्मच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं दिसतंय. मामींना म्हणावं, तो कागद स्वयंपाकघरातून हलवा.

तुमची,
धाकटी